पहिल्या मेलात ‘हाय’ की ‘डिअर मिझ वेबर’?

सरळसोट
अनोळखी क्लायंटला पहिला मेल पाठवताना लोक अजून ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘युअर्स फेथफुली’ लिहितात, ते बघून डोकं उठतं. साहेब केव्हाच गेला, ही लाचारी कधी जाणार? सरळ ‘हाय’, पुढे पहिलं नाव, शेवटी ‘चीअर्स’. देश कुठलाही असो, एवढं पुरतं.

निर्यातखाते
‘रिस्पेक्टेड सर’ जाऊ द्या, त्याला माझा पाठिंबा आहे. पण ‘देश कुठलाही असो’ हे वाचून राहवलं नाही. कुणी तुमचं ऐकून उद्या जर्मनीला ‘हाय’ पाठवील आणि उत्तर का आलं नाही म्हणून किंमत कमी करत बसेल.

एक उदाहरण घ्या. भोसरीचं सीएनसी वर्कशॉप, समोर स्टुटगार्टजवळची पंप बनवणारी कंपनी. खरेदी विभागातल्या माणसाचा पत्ता मिळालाय, सुरुवात `a.weber`. आता हा ‘ए’ कोण? इथे ‘डिअर सर’ लिहिलं तर बाई निघण्याची शक्यता निम्मी. ‘डिअर सर/मॅडम’ लिहिलं तर त्याहून वाईट, कारण आडनाव पत्त्यातच आहे. ते ज्याने वाचलं नाही त्याने हा मेल दोनशे जणांना एकदम पाठवलाय, हे समोरच्याला पहिल्या ओळीतच कळतं.

म्हणून आधी नाव शोधायचं. कंपनीच्या साइटवर खाली ‘इम्प्रेसुम’ नावाचं पान असतं, जर्मनीत ते कायद्याने ठेवावंच लागतं. पण तिथे संचालकांची नावं मिळतात, खरेदीवाल्यांची नाही. त्यासाठी संपर्काच्या पानावर ‘आइनकाउफ’ शोधा, म्हणजे खरेदी. समजा नाव निघालं अँड्रिया. जर्मनीत ही बाई. हेच नाव इटलीतल्या कंपनीत निघालं तर बहुधा पुरुष, तिथे ते पुरुषाचंच नाव आहे. त्यामुळे आधी देश बघायचा, मग नाव.

मग लिहायचं ‘डिअर मिझ वेबर’. ‘मिसेस’ नको, लग्न झालंय की नाही हे आपल्याला माहीत नाही आणि त्याच्याशी आपला संबंधही नाही. ‘डिअर मिझ अँड्रिया’ तर नकोच. आपण ‘अँड्रिया मॅडम’ म्हणतो त्याचं ते इंग्रजी रूप आहे, तिकडे मिझनंतर आडनावच येतं. बाई की पुरुष हे काही केल्या कळलं नाही, तर उपाधी न लावता पूर्ण नाव लिहा, ‘डिअर अँड्रिया वेबर’. थोडं कोरडं वाटतं, पण चुकत नाही. नावाआधी डॉक्टर असेल तर प्रश्नच मिटला, ‘डिअर डॉक्टर वेबर’.

शेवटाचं म्हणाल तर ‘फेथफुली’ हा लाचारीचा प्रश्नच नाही, जोडीचा आहे. ब्रिटिश पद्धतीत नाव माहीत नसताना ‘डिअर सर ऑर मॅडम’शी ‘फेथफुली’ जातं, नाव लिहिलं की ‘सिन्सिअरली’. ‘डिअर मिझ वेबर’खाली ‘फेथफुली’ आलं की जोडी मोडते. मेलला ‘काइंड रिगार्ड्स’ पुरे. ‘चीअर्स’ हे ब्रिटन-ऑस्ट्रेलियातलं ओळखीनंतरचं ‘थँक्स’ आहे. पहिल्याच मेलात जर्मन माणसाला ते पेला उंचावल्यासारखं वाचायला मिळतं.

सरळसोट
एवढं संशोधन एका ओळीसाठी? तेवढ्या वेळात मी दहा मेल पाठवतो. अमेरिकन क्लायंट तर पहिल्याच उत्तरात स्वतःचं फक्त पहिलं नाव लिहितात. मग आपण का ताठ बसायचं?

निर्यातखाते
उत्तरात लिहितात ना? मग दुसऱ्या मेलपासून तुम्हीही तेच लिहा. खाली सही काय आहे ते बघायचं. नुसतं पहिलं नाव असेल तर ती परवानगी, पूर्ण नाव आणि हुद्दा असेल तर आणखी थांबायचं. वरून खाली उतरणं सोपं असतं. ‘हाय अँड्रिया’वरून परत ‘डिअर मिझ वेबर’वर गेलात तर समोरच्याला वाटेल काहीतरी बिनसलं. आणि दहा मेलचं म्हणाल तर, दहा ठिकाणी नाव चिकटवताना ते वेगळ्या फाँटमध्ये किंवा सगळं कॅपिटलमध्ये येतं आणि मेल घाऊक आहे हे तिथेच उघड होतं. नाव `Ctrl+Shift+V` ने चिकटवा, निदान फाँट तरी बदलणार नाही. कॅपिटल अक्षरं मात्र हातानेच सुधारावी लागतात.

म्युनिकरिटर्न
जर्मनांना जर्मनच आवडतं. वर ‘सेर गेएर्टे फ्राउ वेबर’ आणि खाली ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’ टाकायचं, मधला मजकूर इंग्रजी. लगेच जवळीक होते. शेवट त्याचं लघुरूप ‘एमएफजी’ केला तरी चालतं, तिकडे सगळे करतात.

दुभाषी
अर्धं बरोबर आहे. औपचारिक सुरुवात तीच, पण पूर्ण मेल जर्मनमध्ये असेल तरच. वर-खाली जर्मन आणि मध्ये इंग्रजी असं पाठवलं तर उत्तर दोन पानी जर्मनमध्ये येऊ शकतं, सुट्या भागाच्या टॉलरन्सच्या आकड्यांसकट. ते वाचणारं कुणी तुमच्याकडे नसेल तर जवळीक जागच्या जागी संपली. ‘एमएफजी’ रोजच्या सहकाऱ्याला चालतं, अनोळखी माणसाला ते घाईत उरकल्यासारखं दिसतं.

आणि जर्मनमध्ये लिहिणारच असाल तर विरामचिन्हं सांभाळा, आपली चूक तिथे होते:

```
Sehr geehrte Frau Weber,

wir fertigen Pumpenwellen ...

Mit freundlichen Grüßen
Kiran Joshi
```

संबोधनानंतर स्वल्पविराम, म्हणून पुढचं वाक्य लहान अक्षराने सुरू होतं. इंग्रजीच्या सवयीने लोक तिथे कॅपिटल टाकतात. शेवटच्या ‘ग्र्यूसेन’नंतर स्वल्पविराम नाही, तोही इंग्रजीच्या सवयीने पडतो. पुरुष असेल तर पहिला शब्द ‘सेर’च राहतो, पण पुढे ‘गेएर्टर हेर’ होतं. बाई की पुरुष माहीत नसेल तर ‘गुटेन टाग’ आणि पूर्ण नाव, ते दोघांनाही चालतं.

आणखी एक. जर्मन मेलखाली सहीपाशी ‘आय. ए.’ अशी दोन अक्षरं असतात. त्याचा अर्थ ‘च्या वतीने’. ती नावाची आद्याक्षरं समजून ‘डिअर आय. ए. वेबर’ लिहू नका.

म्युनिकरिटर्न
‘एमएफजी’ आमच्या ऑफिसात सर्रास होतं एवढंच म्हणतोय. अनोळखी क्लायंटला नको, हे मान्य. स्वल्पविरामाचं मलाही माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ
माझा क्लायंट सांगलीतलाच आहे आणि मेल मराठीत जाणार आहे. संस्थेच्या अध्यक्षा बाई आहेत. ‘स.न.वि.वि.’ घालावं का? आणि नावाआधी सौ. की श्रीमती?

सरळसोट
इथे जर्मनीचं चाललंय.

वाचनवेडी
असू द्या, हा प्रश्न जास्त लोकांना पडतो. ‘श्रीमती’ लिहा. शासकीय पत्रात सगळ्या बायकांना तेच लिहितात, लग्नाचा संबंध नाही.

कृष्णाकाठ
आमच्याकडे श्रीमती म्हणजे नवरा गेलेली बाई. नवरा हयात असताना कुणाला तसं लिहिलं तर घरात अशुभ धरतात. क्लायंट हातचा जाईल.

वाचनवेडी
मग ‘सौ.’ लिहून एखाद्या विधवेला किंवा लग्न न केलेल्या बाईला दुखावणं चालतं का? पुरुषाला एकच ‘श्री.’ पुरतो, नवरा असल्या-नसल्याचा दाखला फक्त बाईनेच का वागवायचा? ती संस्थेची अध्यक्षा आहे, त्या हुद्द्याला मेल जातोय. तुम्ही तिच्या मंगळसूत्राला पत्र लिहिताय.

कृष्णाकाठ
शब्द जपून वापरा. मी अपमान करायला विचारलं नाही, टाळायला विचारलंय. सांगलीत काय ऐकलं जातं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुभाषी
दोघांचंही खरं आहे, म्हणून दोन्ही शब्द टाळता येतात का ते बघू. मराठीत हुद्दा हेच संबोधन होऊ शकतं. पत्त्याच्या जागी ‘मा. अध्यक्षा’ आणि संस्थेचं नाव, खाली ‘महोदया,’. ‘मा.’ म्हणजे माननीय, ते बाईलाही चालतं आणि पुरुषालाही. सौ. नको, श्रीमती नको. मजकुरात ‘आपण’ ठेवा, ‘तुम्ही’ दुसऱ्या मेलपासून. ‘ताई’ लिहायचा मोह आवरा, ते त्यांनी म्हणू दिलं तरच.

‘स.न.वि.वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’, ते बरोबरीच्या आणि ओळखीच्या माणसाला. वडीलधाऱ्यांना ‘सा.न.वि.वि.’, त्यात साष्टांग नमस्कार येतो. अनोळखी अध्यक्षांना सप्रेम कशाला? ‘महोदया’ लिहिल्यावर त्याची गरजच उरत नाही. शेवटी ‘आपला विश्वासू’, लिहिणारी बाई असेल तर ‘आपली विश्वासू’. ‘कळावे, लोभ असावा’ घरच्या पत्राला ठेवा, दरपत्रकाखाली ते शोभत नाही.

वाचनवेडी
‘महोदया’ चालेल. पण श्रीमतीचा मूळ अर्थ वैधव्य नाहीच, हे मी सोडणार नाही.

कृष्णाकाठ
मूळ अर्थ नसेल. वाचणारा मूळ अर्थ वाचत नाही. ‘मा. अध्यक्षा’ घालतो.

किरण
मी बाई आहे, आणि परदेशी क्लायंटचं पहिलं उत्तर ‘डिअर मिस्टर’ने येतं. यावर काही?

निर्यातखाते
किरण, सुहास, अश्विनी, यातलं कुठलं नाव कुणाचं हे जर्मन माणसाला कळायचं कसं? आपण अँड्रियासाठी धडपडतो, तर त्यालाही मदत करायला हवी. सहीत नावापुढे कंसात लिहा:

```
Kiran Joshi (Ms)
Sales Manager
```

हे मेलच्या शेवटी आपोआप येणाऱ्या सहीतच भरून ठेवा, दर वेळी टाइप करू नका. नाही तर ‘काइंड रिगार्ड्स, किरण’ आणि खाली पुन्हा ‘थँक्स अँड रिगार्ड्स, किरण जोशी’ असे दोन निरोप एकाच मेलात जातात. सेटिंगमधल्या सहीत रिगार्ड्स ठेवू नका, फक्त नाव, हुद्दा आणि फोन. निरोपाची ओळ हाताने, कारण ती माणसागणिक बदलते.

सरळसोट
कंसाचं घेतो, उपयोगी आहे. ‘चीअर्स’ही जर्मनीला नाही पाठवत. पण पुण्यातल्या स्टार्टअपला ‘डिअर मिझ’ लिहिलं तर ते मला बँकेचा माणूस समजतील, यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

निर्यातखाते
तिथे ‘हाय’ लिहा, पण ‘हाय’पुढे नाव असू द्या, आणि त्या नावाचं स्पेलिंग त्यांच्या साइटवर आहे तेच ठेवा. जर्मनीचा मुद्दा मात्र सोडत नाही.

सरळसोट
तुम्ही सोडू नका. मी अमेरिकेचा सोडत नाही.