अनुभव धागा: मित्राच्या वाढदिवसाला त्याची प्रेमाने खेचली आहे का?

गोदाकाठ: जुना फोन आवरताना मित्राच्या चाळिशीला वाचलेलं स्क्रिप्ट सापडलं आणि मन भरून आलं. थोडं देतो. तुमचेही येऊ द्या.

"मंडळी, आज याला चाळीस पूर्ण झाली. तो स्वतः अजून एकोणचाळिसातच आहे, कारण हा सगळीकडे उशिराच पोचतो. 'निघालो' असा मेसेज आला की समजायचं, साहेब टॉवेल शोधतायत. 'पोचतोच' म्हणजे एक मोजा सापडला. लग्नात मुहूर्त गाठला, कारण आम्ही त्याला दीड तास आधीची वेळ सांगितली होती. पण माझ्या बाबांना रात्री अडीचला अ‍ॅडमिट केलं, तेव्हा हा माझ्याआधी दारात उभा होता. पायात दोन वेगळ्या चपला."

ठाणे_लोकल: चपला 😂😭 ऑफिसात वाचतेय, सगळे बघतायत

निवेदक_काका: हे जमलंय, कारण सवय एकच धरली आहे. टॉवेल, मोजा, मग थेट लग्न, असं चढत नेलंय. लोक उशीर, घोरणं, कंजुषी सगळं कोंबतात आणि मग एकही हशा नीट पिकत नाही. मी कार्यक्रमांना लिहून देतो तेव्हा एकच बघतो: ही गोष्ट तो स्वतः हसत सांगतो का? सांगत असेल तर घ्यायची. पगार, केस, मूलबाळ यांना हात लावायचा नाही. तीन मिनिटांच्या वर नको. आणि हशा संपेपर्यंत पुढचं वाक्य बोलू नका, अर्धे विनोद तिथेच मरतात.

सातारी_मिसळ: केसांचं पटलं नाही काका. आमचा टकलू स्वतःच सुरुवात करतो.

निवेदक_काका: चौघांत करतो ना? सासरे आणि साहेब पुढे बसले असताना करेल का, ते बघा.

सातारी_मिसळ: हम्म. सासरे येणारेत खरे.

कुकर_तीन_शिट्ट्या: बायकोला आधी दाखवून घ्या. आमच्या भाऊजींच्या वाढदिवसाला कॉलेजमधली 'ती' निघाली. ताई केक कापेपर्यंत हसली, नंतर आठवडाभर अबोला. भाजी लागतेय, येते.

पुणेरी_चहा: बायकोला दाखवलं की सगळी मजाच जाते. मी कधीच दाखवत नाही, आजवर काही बिघडलं नाही.

ठाणे_लोकल: तुमचं लग्न झालंय का? 😄

नवी_आजी: माझ्या यजमानांची साठी आहे, शांतीला काय काय सामान लागतं?

कुकर_तीन_शिट्ट्या: आजी, यादी गुरुजीच देतात. पण आजोबांच्या एखाद्या सवयीवर नातवंडांकडून चार ओळी वाचून घ्याच!

नवी_आजी: चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात. चालेल का?

निवेदक_काका: पळेल! शेवटी तो चष्मा लावून ते नातवंडांना काय वाचून दाखवतात, तेवढं जोडा.

नवी_आजी: पंचांग 😊