मदत हवी आहे: व्हॉट्सअ‍ॅपच्या करड्या टिका कवितेत कशा पोचवू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. रविवारी घरगुती काव्यवाचन आहे आणि एका कवितेत अडकलेय. आई गेली, पण तिचा फोन मी अजून चार्ज करते. रात्री तिला मेसेज टाकला की ओट्यावर तो उजळतो, माझ्याकडे दोन करड्या टिका येतात. त्या निळ्या होत नाहीत.

पोचलं म्हणते काच,
वाचलं म्हणत नाही.

मावशीला टिकांचा अर्थच लागला नाही. समजावणारी ओळ घातली तर कवितेचं माहितीपत्रक होतं. टिका काढून नुसता उजळलेला फोन ठेवला, तर पोचणं आणि वाचणं यातला फरकच जातो. माझं सगळं एकटेपण तर तिथेच आहे. आधी उंबऱ्यावरचं न फोडलेलं पाकीट आणू का? की ते फारच जुनं वाटेल?