बेळगावची एक ऑर्डर आणि जीएसटी: नोंदणी आताच करावी का?

मसालेवाली_कोल्हापूर: घरी कांदा-लसूण मसाला करते. वर्षाची विक्री ९ लाख, सगळी कोल्हापुरातच. अन्न परवान्याची नोंदणी आहे. बेळगावचे एक दुकानदार दरमहा ३० हजारांचा माल मागतात, पण जीएसटीचे बिल हवे म्हणतात. ४० लाखांच्या आत असताना नोंदणी करावी का?

हिशेबनीस: ४० लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांसाठी आहे. नोंदणी नसताना मसाला कर्नाटकात पाठवता येत नाही, मग विक्री कितीही कमी असो. कंपोझिशन या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या, विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरायच्या योजनेत राहून परराज्यात विक्री करता येत नाही, म्हणून नियमित पद्धतच घ्यावी लागेल, आणि एकदा ती घेतली की कर शेजारच्या काकूंच्या पाव किलोवरही लागतो. मसाल्यावर ५ टक्के धरा. ६०० रुपये किलोचा भाव तोच ठेवलात, तर त्यातून साडेअठ्ठावीस रुपये कराचे गेले. ९ लाखांवर हे सुमारे ४३ हजार होतात. बिलावर घेतलेल्या मिरचीच्या कराची वजावट मिळून तो आकडा उतरेल, पण मिरची थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर फारसा नाही, कारण तिथे वजा करायला कर भरलेलाच नसतो. बेळगावच्या वर्षाच्या ३ लाख ६० हजारांत २० टक्के सुटत असतील, तर ७२ हजार हाती येतात. माझ्या मते करावी.

चंदगडकर: इतका खटाटोप कशाला? दुकानदाराला कोल्हापुरात येऊन माल उचलू द्या, म्हणजे विक्री राज्यातलीच झाली.

हिशेबनीस: माल कोण नेतो यापेक्षा तो कुठे पोहोचतो हे कायदा पाहतो. शिवाय त्यांना जे बिल हवे आहे, ते याने मिळत नाहीच.

अक्षरजुळणी: मी पुण्यातून बंगळुरूच्या कंपन्यांना भाषांतर करून देते, नोंदणी नाही, आणि ते नियमात बसते. उगाच घाबरवू नका.

हिशेबनीस: तुमची सेवा आहे, तिला २० लाखांपर्यंत परराज्यातही सूट आहे. मालाला तशी सरसकट सूट नाही.

पापडघर_सांगली: हिशेबनीसांचे गणित बरोबर असले, तरी त्यात बसून कराव्या लागणाऱ्या कामाचा भाव धरलेला नाही. आमच्याकडे आता प्रत्येक खरेदीचे बिल फाईलला लागते. दोनशेच्या आतल्या किरकोळ विक्रीला गिऱ्हाईक मागत नसेल तर वेगळे बिल नको, पण दिवसअखेरीस त्या सगळ्याचे एक बिल फाडावेच लागते. तिमाही विवरण विक्री शून्य असली तरी भरायचे, नाहीतर विलंब शुल्क रोज चढते. त्यात सल्लागाराची फी वेगळी. बेळगावकरांनी सहा महिन्यांत माल घेणे थांबवले, तर हे सगळे गळ्यात राहते.

हिशेबनीस: नोंदणी रद्द करता येते, मात्र अंतिम विवरण भरूनच, आणि शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत करून.

मसालेवाली_कोल्हापूर: मिरची बहुतेक शेतकऱ्याकडूनच घेते. आणि काकूंना ६३० सांगितले तर त्या घेतील का, हेच कळत नाही.

पापडघर_सांगली: तेच आधी विचारून पाहा. बेळगावकर वर्षभराची मागणी लिहून देतात का, तेही.