मर्यादित कलेक्शनच्या पोस्टचं कॅप्शन: नगांचा आकडा आणि वेळ नेमकी कशी लिहू? (मदत हवी आहे)

सुईदोरा

नमस्कार मंडळी. माझं कपड्यांचं छोटं लेबल आहे, शिवणारे आम्ही तिघंच. गिरणीच्या उरलेल्या मालातलं एक थान मिळालं होतं, निळ्या उभ्या रेघांचं सुती, ९२ मीटर. तसं कापड पुन्हा मिळणार नाही, म्हणून त्याचा एकच लॉट काढलाय. शर्टाला सरासरी १.८ मीटर लागलं, त्यातून ५१ कापले गेले. ३ तपासणीत बाद झाले, एकाची कॉलर वाकडी बसली आणि दोघांत विणीतलाच दोष निघाला. एक शूटमध्ये वापरला, त्याच्या गळ्याला मेकअप लागलाय. ४ साईझ बदलून देण्यासाठी बाजूला ठेवणार, प्रत्येक साईझचा एक. ३ नातेवाइकांनी आधीच सांगून ठेवलेत. उरले ४०: S ८, M १४, L १२, XL ६.

आता प्रश्न. कॅप्शनमध्ये ५१ लिहू, ४८ लिहू की ४०? आणि वेळ कशी लिहू? माझा कच्चा मजकूर असा आहे:

"फक्त मोजकेच नग! शुक्रवारी रात्री १२ वाजता. गेले की गेले. लिंक बायोमध्ये."

खोटं काही लिहायचं नाही, पण उगाच हिशेबाची वहीही उघडायची नाही. सांगा.

रंगीत_चिंधी

पहिली ओळ फारच साधी आहे गं. "रेघांमध्ये हरवा" असं काहीतरी टाक, खाली हॅशटॅग, आणि एखादी घड्याळाची इमोजी. लोक आकडे वाचत नाहीत.

सुईदोरा

अगं, ओळ सजवायचं नंतर बघू. आकडा आणि वेळ एवढंच विचारतेय.

उभा_धागा

आधी वेळ, कारण ती जास्त बिघडलीय. "शुक्रवारी रात्री १२" म्हणजे गुरुवार संपून शुक्रवार सुरू होतो ते १२, की शुक्रवार संपताना येणारे १२? निम्मे लोक एका रात्री येतील, निम्मे दुसऱ्या. दोन्ही गटांचं बरोबरच असेल आणि शिव्या तुम्हाला पडतील. मध्यरात्र टाळा. रात्री ८ ठेवा, नाहीतर सकाळी ११. मध्यरात्रच हवी असेल तर ११:५९ लिहा, म्हणजे वार तरी पक्का राहतो.

दुसरं, तारीख लिहा. नुसतं "शुक्रवारी" किंवा "उद्या" चालत नाही, कारण इन्स्टाग्रामची फीड पोस्ट टाकल्याच्या क्रमाने दिसत नाही. तुमची बुधवारची पोस्ट कुणाला शनिवारी दिसेल आणि तो पुढच्या शुक्रवारची वाट बघत बसेल. वार, तारीख आणि वेळ तिन्ही एका ओळीत, आणि ती ओळ सगळ्यात वर. दोन ओळींनंतर मजकूर more खाली दडतो, आणि ते दाबायची तसदी फार थोडे घेतात.

आता आकडा. ४० लिहा. ५१ हा तुमच्या कात्रीचा हिशेब आहे, गिऱ्हाइकाचा नाही. त्याला एवढंच कळायला हवं की बटण दाबेल तेव्हा किती नग त्याच्यासाठी खुले आहेत. पण नुसते ४० लिहिलेत तर XL वाल्याची फसगत होते. तो ४० वाचून निवांत येईल, आणि त्याच्यासाठी होते सहाच. म्हणून साईझवार लिहा. एक ओळ लागते, जास्त नाही.

गुंडी

मी असतो तर ३० लिहिले असते. दुकानात दोघांनी एकाच वेळी शेवटचा नग घेतला की एकाचे पैसे परत करावे लागतात, हे माझ्याकडे झालंय. हाताशी राखीव असावेत. आणि १० उरले की आठवड्याने "मागणीमुळे पुन्हा आणले" म्हणून पोस्ट टाकायची, दुप्पट धावतात लोक.

उभा_धागा

गुंडी, दोघांच्या हातात एकच नग जातो हा तुमचा मुद्दा खरा आहे. बऱ्याच दुकान-सॉफ्टवेअरमध्ये नग कार्टमध्ये टाकला म्हणून तो राखून ठेवला जात नाही. पैसे भरेपर्यंत तो सगळ्यांसाठी मोकळाच असतो. पण त्यावर उपाय कॅप्शनमध्ये नाही, साठ्याच्या खात्यात आहे. सुईदोरा, शॉपिफाय वापरत असाल तर प्रत्येक साईझला Continue selling when out of stock ही खूण काढलेली आहे ना, तेवढं बघा. ती राहिली तर XL सहाऐवजी नऊ विकले जातील आणि तुम्हाला कळेल पॅकिंगच्या वेळी. राखीव ठेवायचेच असतील तर खात्यात कमी भरा आणि कॅप्शनमध्येही तोच कमी आकडा लिहा. दोन्हीकडे एकच आकडा हवा.

"पुन्हा आणले" मात्र नको. कपाटातच होते ते. थान संपलेलं आहे हे तुमच्या लोकांना माहीत आहे, मग नवे शर्ट आले कुठून, असं कुणीतरी विचारेलच.

कागदोपत्री

एवढंच जोडतो. भारतात २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध ज्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात खोटी घाई करायला लावणं हा पहिल्याच क्रमांकाचा प्रकार आहे. युरोपात २००५च्या निर्देशाच्या काळ्या यादीतही "थोड्याच वेळासाठी मिळेल" असं खोटं सांगणं आहे. गुंडींचे ३० त्याच वाटेवरचे वाटतात.

गुंडी

कमी सांगणं म्हणजे खोटं सांगणं, हे मला अजून पटलेलं नाही. पण "पुन्हा आणले" मागे घेतो.

निळी_कुंडी

माझं वेगळंच दुखणं आहे. मी नीळ वापरून हाताने रंगवते. कुंडातून किती स्टोल नीट निघतील हे वाळल्याशिवाय कळत नाही, आणि एकासारखा दुसरा नसतो. मी आकडा लिहू तरी कसा? सध्या "सुमारे वीस" लिहिते.

उभा_धागा

वाळून, धुऊन, मोजून झाल्यावरच तारीख जाहीर करा. आधी फोटो टाका, "तयारी चालू आहे" म्हणा, पण आकडा आणि वेळ मोजणीनंतर. "सुमारे" लिहिलंत की लोक वरचाच आकडा धरतात. आणि एकसारखे नसतील तर प्रत्येक स्टोलला स्वतःचं पान द्या, साठा १. मग कॅप्शनमध्ये "१९ स्टोल, प्रत्येकाचा फोटो वेगळा" असं सरळ लिहिता येतं.

निळी_कुंडी

एकोणीस पानं करायची म्हणजे दिवस गेला. पण बघते.

दूरदेशी

मी घेणाऱ्यांतला, शिवणाऱ्यांतला नाही. परदेशात राहतो. नुसतं "रात्री ८" वाचून माझ्या इथल्या ८ ला उघडलं आणि सगळं संपलेलं होतं, असं झालंय. कुठली वेळ ते लिहा हो. वाटल्यास न्यूयॉर्क, लंडन, दुबईच्या वेळाही द्या.

उभा_धागा

"भारतीय वेळ" हे दोन शब्द हवेतच. बाकीच्या शहरांची यादी मी देत नाही. ब्रिटनमधली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. जुन्या पोस्टवरून यादी उचलली की एक तासाचा घोळ ठरलेला. स्टोरीत काउंटडाउनचं स्टिकर लावा, वेळ संपायला किती उरली ते सगळ्यांना एकसारखंच दिसतं.

सुईदोरा

खूप उपयोग होतोय. शुक्रवार १४ नोव्हेंबर, रात्री ८ ठरवलं. एक सांगायचं राहिलं. आमची ईमेल यादी आहे, त्यांना नेहमी अर्धा तास आधी लिंक जाते. ते कॅप्शनमध्ये लिहायची गरज आहे का?

उभा_धागा

अहो, हे आधी सांगायचं! यादीवाल्यांनी साडेसात ते आठमध्ये पंचवीस उचलले, तर ८ वाजता तुमचे ४० हे ४० नसतीलच. आणि M बहुतेक आधीच संपलेले असतील. दोन वाटा आहेत. एकतर यादीसाठी नग वेगळे काढा, वेगळ्या पानावर, साठाही वेगळा. नाहीतर या वेळी सगळ्यांना एकदमच ८ ला सोडा. पहिली वाट घेतलीत तर कॅप्शनमधला आकडा फक्त ८ वाजता खुल्या होणाऱ्यांचा, आणि यादीचा उल्लेख तिथेच. तो लपवला की कमेंटमध्ये कुणीतरी "मला साडेसातलाच मिळाला" लिहितोच.

सुईदोरा

मग यादीला १२ काढते: S २, M ४, L ४, XL २. उरले २८. नवा मजकूर:

"शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री ८:०० वाजता, भारतीय वेळ. २८ शर्ट.
S ६ · M १० · L ८ · XL ४
एकूण ४० विक्रीला आहेत, त्यातले १२ ईमेल यादीसाठी साडेसातला खुले होतील. तिथे उरले तर ८ वाजता यात मिळवू.
कापड ९२ मीटरच होतं आणि ते संपलं, त्यामुळे हा शर्ट पुन्हा शिवणार नाही. साईझ बदलण्यासाठी ४ बाजूला आहेत. बदलाची मुदत संपल्यावर उरले तर इथेच सांगून विकू.
मेसेजवर नग राखून ठेवत नाही. लिंक बायोमध्ये, ८ ला चालू होईल."

उभा_धागा

छान. "मेसेजवर राखत नाही" ही ओळ सगळ्यात जास्त वाद वाचवेल. पण मग खरंच कुणालाही राखू नका, मैत्रिणीलाही नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. उत्पादन ८ ला आपोआप खुलं होईल असं आधीच लावून ठेवा, आणि दुकानाच्या सेटिंगमधली वेळ भारतीयच आहे ना ते तपासा. आदल्या दिवशी एक बिनकामाचं पान असंच वेळ लावून खुलं करून बघा, लॉगिन न केलेल्या फोनवरून. तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये सगळं आधीच दिसतं, त्यावर विसंबू नका. पान दोन-तीन मिनिटं उशिरा दिसलं तर पोस्टखाली लगेच तसं लिहून ते पिन करा. संपल्यावर कॅप्शनच्या पहिल्या ओळीत "संपले, ८:४०" असं जे खरं असेल ते घाला. नाहीतर लोक दोन दिवस लिंक दाबत राहतात.

रंगीत_चिंधी

आणि नाही संपले तर? २८ पैकी ११ उरले तर "मर्यादित" म्हणून मिरवल्याचं हसंच होईल की.

उभा_धागा

का होईल? २८च होते, ११ शिल्लक आहेत, तेही साईझवार लिहायचं. फक्त "शेवटचे काही" म्हणू नका, ११ म्हणा.

गुंडी

रोज उरलेला आकडा दाखवायचा? हे मात्र मला धंद्याला मारक वाटतं. आकडा हलत नाही हे दिसलं की घेणाराही थांबतो.

उभा_धागा

रोज नाही. दुकानाच्या पानावर दिसतोच, पोस्टमध्ये एकदा पुरे. पण तुमचं म्हणणं अगदी चूक आहे असंही म्हणवत नाही. ज्यांचे नग हळू जातात, त्यातले काही आकडा पहिल्या दिवसानंतर काढून टाकतात.

सुईदोरा

मी पहिल्या रात्रीपुरता ठेवेन, पुढचं बघू. XL साठी प्रतीक्षा यादी ठेवावी का, हेही डोक्यात आहे. चारच नग आणि बदलीचा एक, म्हणजे यादी ठेवून देणार काय? कुणी ठेवत असेल तर सांगा.