साइनच्या घाताचं इंटिग्रल: पाठांतर की रिडक्शन?

मेधा: 0 ते π/2 मध्ये sinⁿx चं इंटिग्रल विचारलं की क्लासमध्ये थेट अपूर्णांकांचा गुणाकार लिहायला सांगतात. मला वाटतं आधी रिडक्शन करून घ्यायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

अवधूत: पाठच करावं. घात 6 असेल तर 5/6 · 3/4 · 1/2 · π/2 = 5π/32, एका ओळीत काम झालं. दोन-दोननं उतरत जायचं आणि शेवटी π/2 लावायचा. परीक्षेत बाय पार्ट्स करत बसायला वेळ कुठून आणणार?

जुना खडू: अवधूत, शेवटचा π/2 फक्त सम घाताला. sinⁿx मधला एक sin x वेगळा काढून बाय पार्ट्स केलं आणि cos²x च्या जागी 1 − sin²x घातलं, की Iₙ = (n−1)/n · Iₙ₋₂ मिळतं. उडी दोनची आहे, म्हणून सम घात I₀ वर थांबतो आणि विषम घात I₁ वर. I₀ म्हणजे π/2, पण I₁ म्हणजे नुसता 1. त्यामुळे I₇ = 6/7 · 4/5 · 2/3 = 16/35, यात π येतच नाही.

चूक पकडायलाही सोपं आहे. या पट्ट्यात साइन 1 च्या वर जात नाही, म्हणून घात वाढला की क्षेत्रफळ घटलंच पाहिजे. I₆ साधारण 0.49 आहे, I₇ 0.457. चुकून π/2 लावलात तर I₇ 0.72 च्या आसपास येईल, म्हणजे I₆ पेक्षा मोठं!

प्रणिता: मला sin²x चं π/4 पर्यंतचं हवंय. π/4 चं निम्मं, म्हणजे π/8 ना?

जुना खडू: नाही. बाय पार्ट्समध्ये बाहेर −sinⁿ⁻¹x · cos x / n हे पद पडतं. 0 ला साइन शून्य आणि π/2 ला कोसाइन शून्य, म्हणून एरवी ते दिसत नाही. π/4 ला दोन्ही शिल्लक राहतात आणि ते पद −1/4 होतं. तुमचं उत्तर π/8 − 1/4. नुसतं सूत्र पाठ असेल तर हे पद कुठे गेलं ते कळणारच नाही.

अवधूत: सम-विषमचं मान्य. पण प्रश्नात लिमिट π/2 च असेल, तर ते पद शून्य होतं हे दरवेळी लिहून दाखवायचं कशाला? एकदा सिद्ध केलं, पुढे वापरायचं.

मेधा: तेही पटतं. पण घात 5/2 असेल तर? नातं तेव्हाही चालतं, 3/5 · I₁/₂ मिळतं. पुढे उतरायला गेलं तर घात ऋण होतो, π/2 ही नाही आणि 1 ही नाही. तुमचा गुणाकार तिथे कशावर संपवणार?

अवधूत: असला घात आमच्या अभ्यासक्रमात नाही, म्हणून मी पाठांतरावर ठाम आहे. I₁/₂ ची किंमत मात्र कुणीतरी काढून दाखवा.