डोळ्यांच्या थेंबांविषयी बी विंगच्या ग्रुपवर झालेली चर्चा

वंदना कर्णिक, बी-७०३ (रविवार, सायंकाळी ५.१२)
सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या महिन्यात याच ग्रुपवर माझ्या डोळ्यांच्या कोरडेपणासाठी ज्या थेंबांची अगदी आग्रहाने शिफारस झाली होती, ते मी पाच आठवडे नियमितपणे घालत आहे, आणि आज माझे दोन्ही डोळे पहिल्यापेक्षा अधिक चुरचुरत आहेत. घरून काम करताना मी रोज नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर असते, हे सर्वांना ठाऊक आहे. सल्ला देणाऱ्यांनी नंतर एकदा तरी विचारपूस केली असती, तर बरे वाटले असते.

विनायक परब, सचिव (५.१९)
वंदनाताई, रोख माझ्याकडे आहे हे कळले. मी सल्ला दिलेला नव्हता. माझ्या मुलाला त्या थेंबांनी बरे वाटले, एवढेच मी कळवले होते. तो आजही तेच थेंब घालतो आणि त्याची काहीही तक्रार नाही.

प्रभाकर गोगटे, बी-१०२ (५.२१)
दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. हे मी मार्चपासून सांगत आहे.

श्रीकांत दामले, बी-४०४ (५.३०)
वंदना, औषधशाळेत तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून दोन प्रश्न विचारतो. दिवसातून किती वेळा थेंब घालतेस, आणि बाटलीवर अगदी बारीक अक्षरांत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून काय लिहिले आहे?

वंदना कर्णिक (५.४१)
काका, चष्म्यावर भिंग धरून वाचले. कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के आणि त्याखाली बेंझाल्कोनियम क्लोराइड असे आहे. सुरुवातीला चार वेळा घालत होते. आता आठ-दहा वेळा घालते, कारण घातल्यावर अर्धा तास बरे वाटते आणि मग पुन्हा आग होते. १० मिलिलिटरची तिसरी बाटली संपत आली आहे.

मिलिंद सावंत, बी-६०१ (५.४४)
पाच आठवड्यांत तीन बाटल्या! इतक्या वेगाने तर आपल्या गच्चीवरची टाकीही रिकामी होत नाही.

श्रीकांत दामले (५.५८)
मिलिंद, थट्टा बाजूला ठेव, कारण या हिशेबातच उत्तर आहे. १० मिलिलिटरमध्ये साधारण दोनशे थेंब निघतात. तीन बाटल्या म्हणजे सहाशे थेंब, पस्तीस दिवसांत रोज सतरा, म्हणजे दोन्ही डोळ्यांत सरासरी आठ वेळा. यातले सेल्युलोज निरुपद्रवी असते; ते पाणी धरून ठेवते आणि डोळ्याला ओलावा देते. प्रश्न बेंझाल्कोनियमचा आहे. बाटली उघडल्यावर महिनाभर हाताळली जाते, तिचे टोक पापणीला लागते, म्हणून आत जंतू वाढू नयेत यासाठी ते मिसळलेले असते. परंतु मुळात ते साबणासारखे द्रव्य आहे. अश्रूंवर तेलाचा जो पातळ थर असतो आणि ज्यामुळे अश्रू लवकर उडून जात नाहीत, तो थर ते फोडते, आणि वारंवार लागत राहिले तर कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, वरच्या पेशींना इजा करते. निरोगी डोळ्यात अश्रू भरपूर असल्यामुळे ते विरळ होऊन वाहून जाते. कोरड्या डोळ्यात ते विरळ करायला पुरेसे अश्रूच नसतात. त्यामुळे आग झाली की थेंब, थेंबाने अर्धा तास आराम, मग अधिक आग आणि पुन्हा थेंब, या चक्रात तू अडकली असावीस.

विनायक परब (६.०३)
म्हणजे माझ्या मुलाच्या डोळ्यांनाही इजा होत आहे का? तसे असेल तर आधीच सांगायला हवे होते.

श्रीकांत दामले (६.०९)
परब, तुमचा मुलगा दिवसातून किती वेळा घालतो? दोन वेळा घालत असेल तर चिंतेचे कारण नाही. दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, किंवा ते महिनोन्‌महिने लागणार असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, असा आमच्याकडे ठोकताळा असे. बाटली तीच असली, तरी दोन डोळ्यांत तिचे काम वेगळे होते.

विनायक परब (६.११)
दोनच वेळा घालतो. हे मी पहिल्या दिवशी लिहिले होते. कोणी वाचत नाही, त्याला मी काय करणार?

वंदना कर्णिक (६.२०)
प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या छोट्या कुप्या मी मध्यंतरी आणल्या होत्या, पण त्या फार महाग पडतात. एक कुपी उघडली की झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवते आणि तीन दिवस पुरवते.

श्रीकांत दामले (६.२७)
वंदना, हे त्याहून वाईट! त्या कुपीत जंतूंना अडवणारे काहीही नसते, म्हणूनच ती इतकी लहान केलेली असते. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून उरलेले टाकून द्यायचे. काही कुप्यांच्या पत्रिकेत बारा किंवा चोवीस तास ठेवण्याची मुभा असते, त्यापुढे नाही. झडपेच्या खास बाटल्याही मिळतात. त्यांत बाहेरची हवा गाळून आत जाते किंवा जातच नाही, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह नसले तरी त्या पत्रिकेत दिलेल्या मुदतीपर्यंत चालतात, आणि रोज सहा-आठ वेळा घालणाऱ्याला कुप्यांपेक्षा परवडतात. मात्र ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ एवढ्या शब्दांवर भाळू नये. २०२२-२३ मध्ये चेन्नईच्या एका कंपनीचे असे थेंब अमेरिकेत अनेकदा वापरायच्या बाटलीतून विकले गेले आणि त्यांतून औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग पसरला. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने ८१ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १४ जणांच्या दृष्टीची हानी झाली आणि चौघे दगावले.

सुलभा वैद्य, बी-२०३ (६.३१)
म्हणूनच मी म्हणते की घरचे गुलाबपाणी सर्वांत उत्तम. त्यात ना प्रिझर्व्हेटिव्ह, ना खर्च.

अनघा वैद्य, बी-२०३ (६.३३)
आई, कृपया नको. गुलाबपाणी निर्जंतुक नसते. मी रोज नेत्रतपासणीच्या खोलीत बसते आणि त्याचे परिणाम पाहते, हे तुला घरी चार वेळा सांगितले आहे.

प्रभाकर गोगटे (६.३५)
दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे.

अनघा वैद्य (६.४२)
गोगटेकाका, तुमचा नियम चुकीचा नाही, पण त्याने मुख्यतः जवळ पाहून थकलेल्या स्नायूंना विश्रांती मिळते. कोरडेपणाचे कारण पापणी आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, आणि मिटल्या तरी त्या पुष्कळदा अर्ध्यावरच थांबतात. म्हणून त्या वीस सेकंदांत पापण्या सावकाश, पूर्ण टेकेपर्यंत, दहा वेळा मिटाव्यात. वंदनाताई, तुमच्या टेबलावर एसीचा झोत थेट येतो, तोही वळवावा. परंतु पाच आठवड्यांनंतर आग वाढलेली असताना नवी बाटली निवडण्याआधी डोळे तपासून घ्या.

शुभांगी केळकर, बी-५०२ (७.०५)
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या रेश्माचा उजवा डोळा कालपासून लाल आहे, उजेडाकडे पाहवत नाही आणि थोडे अंधुक दिसते. तीही दिवसभर मोबाईलवर असते, म्हणून तोच कोरडेपणा असावा. कुपी घालून पाहू का?

विनायक परब (७.०८)
वहिनी, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची बाटली माझ्याकडे शिल्लक आहे. तिने लाली दोन दिवसांत जाते. वॉचमनबरोबर लगेच पाठवतो.

अनघा वैद्य (७.०९)
परबकाका, ती बाटली पाठवू नका. केळकरकाकू, रेश्मा कॉन्टॅक्ट लेन्स लावते ना? लेन्स आधी काढायला सांगा.

शुभांगी केळकर (७.१२)
लावते. परवा रात्री लेन्स लावूनच झोपली होती. आता काढली आहे.

अनघा वैद्य (७.१८)
तर मग उद्याची वाट न पाहता आत्ताच निघा. पडद्यामुळे येणारा कोरडेपणा बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, संध्याकाळकडे वाढतो, आणि अंधुक दिसले तरी पापण्या मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसते. एकच डोळा, उजेड सहन न होणे, दुखणे आणि पापण्या मिटूनही न जाणारा धूसरपणा, तेही लेन्स लावणाऱ्या मुलीला, म्हणजे कॉर्नियावर जखम होऊन संसर्ग झालेला असू शकतो. रविवारी दवाखाने बंद असतील, तर सायनच्या टिळक रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. लेन्स आणि तिची डबी टाकू नका, सोबत न्या. जंतू ओळखायला ती उपयोगी पडते. तोवर कुठलाही थेंब घालू नका.

श्रीकांत दामले (७.२४)
परब, राग मानू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या बाटलीत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने लाली खरोखर जाते, पण आतला संसर्ग मोकाट पसरतो, आणि डोळा बरा दिसत असताना दृष्टी जाते. कारण न शोधता ते आठवडेच्या आठवडे घातले, तर डोळ्याचा दाबही वाढू शकतो.

विनायक परब (७.३१)
मी मदतीच्या भावनेने लिहिले होते. यापुढे सचिवाने केवळ पाणीपट्टीविषयी लिहावे, असा ठराव करून घ्यावा. बाटली टाकून दिली आहे.

शुभांगी केळकर (सोमवार, सकाळी ८.४०)
अनघा, तुझे कसे आभार मानू? डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले. बुबुळाच्या कडेला बारीक जखम होती. तिथला नमुना तपासणीला घेतला आणि रात्रभर दर तासाला प्रतिजैविकाचे थेंब घालायला लावले. दृष्टीच्या मध्यभागापासून जखम दूर आहे, त्यामुळे धोका कमी आहे, असे ते म्हणाले.

सुलभा वैद्य (८.४४)
देव पावला. गुलाबपाण्याबद्दल मी काही बोलत नाही.

वंदना कर्णिक (गुरुवार, रात्री ९.१५)
मीही तपासून आले. त्याच रंगाने माझ्या दोन्ही डोळ्यांच्या खालच्या भागात बारीक ठिपके दिसले आणि अश्रूंचा थर चार सेकंदांत फुटतो असे कळले. तो दहा सेकंद तरी टिकायला हवा. शिवाय मी सर्दीसाठी रोज रात्री जी सेटिरिझिनची गोळी घेते, तिच्यानेही डोळे कोरडे पडतात, हे मला कोणीच सांगितले नव्हते. आता ती गोळी बंद, पापण्यांना रोज दहा मिनिटे गरम शेक, आणि झडपेच्या बाटलीतले प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब सहा वेळा. दोन-तीन आठवडे धीर धरायला सांगितले आहे. परब, रविवारी मी जरा तोडून बोलले.

विनायक परब (९.२२)
काही हरकत नाही, ताई. तुमच्याकडे जुनी बाटली अर्धी शिल्लक असेल, तर माझ्या मुलाला द्यावी. त्याची संपली आहे.

श्रीकांत दामले (९.२३)
कोणत्या तारखेला उघडली होती?

वंदना कर्णिक (९.२५)
काका, ती मी मघाशीच फेकली. शिवाय तिचे टोक माझ्या पापणीला लागत होते.

विनायक परब (९.२६)
ठीक आहे, नवी आणतो. उघडल्याची तारीखही तिच्यावर लिहितो.