फॉर्म १६, पगारपत्रके आणि ठेवीचे व्याज : आकडे एकमेकांशी जुळत नाहीत

प्रेषक : मुग्धा

सप्रेम नमस्कार,

मी जानेवारी २०२५ च्या मध्यात इकडे परदेशात आले. त्याआधी ३१ डिसेंबरपर्यंत पुण्यातील एका कंपनीत नोकरी करत होते आणि इथला माझा पगार एप्रिलपासून सुरू झाला. म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ मधील माझे सर्व उत्पन्न भारतातीलच आहे. विवरणपत्र मी जुन्या करप्रणालीनुसार भरणार आहे. पगार व कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला म्हणजे फॉर्म १६ आणि व्याजावरील कराचा बँकेचा दाखला म्हणजे फॉर्म १६ए हातात आल्यावर मी ते पगारपत्रके व बँकेच्या उताऱ्यांशी ताडून पाहिले, तेव्हा काहीच जुळेना.

माझा दरमहा एकूण पगार १,२०,००० रुपये होता. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत प्रत्येक वेळी ९,८०० रुपये कर कापला गेला. डिसेंबरचा पगार कंपनीने अडवून ठेवला आणि फेब्रुवारीत अंतिम हिशेबात, शिल्लक रजेच्या ८४,००० रुपयांसह दिला. त्यात कर कापलेला नाही. फॉर्म १६ च्या भाग अ मध्ये मात्र वर्षाची रक्कम १०,४४,००० आणि कर ६८,६०० दिसतो, तर भाग ब मध्ये एकूण पगार ११,६४,००० आहे. एकाच कागदाच्या दोन भागांत दोन आकडे कसे?

दुसरे, बँकेने फॉर्म १६ए मध्ये मुदत ठेवीवर ७१,८५९ रुपये व्याज दाखवले आहे. माझ्या बचत खात्यात यातला एक रुपयाही आलेला नाही. उलट त्या खात्यातून दर तिमाहीला टीडीएसच्या नावाने पैसे गेले आहेत. बँकेला तक्रार करावी का?

प्रेषक : हेमंत

मुग्धा, बँकेशी भांडण्यात अर्थ नाही, पण ते व्याज यंदा दाखवण्याचेही कारण नाही. पैसा हातात येईल तेव्हा उत्पन्न, हा साधा नियम आहे. ठेव ज्या वर्षी मोडेल किंवा पिकेल त्या वर्षी सगळे व्याज एकदम दाखवावे आणि आत्ता कापलेला कर मात्र यंदाच परत मागावा. मी तसेच करतो. फॉर्म १६ बद्दल म्हणशील तर भाग ब हाच खरा धरावा; विवरणपत्रात त्यातलेच आकडे येतात.

प्रेषक : नीलिमा

नमस्कार. अनिवासी म्हणून उघडलेल्या माझ्या एनआरओ खात्यावर बँक ३१.२ टक्के कर कापते आणि तोही पहिल्या रुपयापासून. मुग्धाच्या आकड्यांवरून तिचा दहा टक्केच कापलेला दिसतो, म्हणजे बँकेने कमी कर कापला असणार. तिने आधी बँकेला ते कळवावे, नाहीतर पुढे दंड बसेल असे मला वाटते. माझ्या ३१.२ टक्क्यांतून काही परत मिळते का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रेषक : शरद

चि. मुग्धा आणि मंडळी,

निवृत्तीपूर्वी माझे बरेचसे आयुष्य लेखापरीक्षणात गेले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

नीलिमाताईंचा प्रश्न त्यांच्या जागी योग्य आहे, पण मुग्धाला तो लागू नाही. ती त्या वर्षी १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात होती, त्यामुळे करासाठी ती रहिवासीच ठरते आणि रहिवाशाच्या ठेवीवर दहा टक्केच कापले जातात. आता मात्र तिने खाते एनआरओ करून घ्यायला हवे, आणि मग तिलाही ३१.२ टक्क्यांचाच अनुभव येईल. नीलिमाताईंनी परताव्याविषयी स्वतंत्र टपाल टाकावे. त्यात दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा भाग येतो आणि तो इथे मिसळला तर गोंधळ होईल.

आता फॉर्म १६. भाग अ हा कंपनीने दर तिमाहीला भरलेल्या पगारावरील कराच्या २४क्यू विवरणातून आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावर तयार होतो, तर भाग ब हा चौथ्या तिमाहीच्या विवरणाला जोडलेल्या वार्षिक तपशिलातून येतो. म्हणून एखाद्या तिमाहीत एका महिन्याची नोंद सुटली किंवा चुकली, तरी वर्षाचा तपशील बरोबर राहू शकतो. मुग्धा, तुझ्या दोन भागांतील फरक ११,६४,००० वजा १०,४४,०००, म्हणजे नेमका १,२०,००० आहे. पगारपत्रकांप्रमाणे कापलेला कर आठ वेळा ९,८०० म्हणजे ७८,४०० व्हायला हवा. भाग अ मध्ये ६८,६०० आहे, म्हणजे फरक बरोबर ९,८०० चा. एका महिन्याचा पगार आणि त्याच महिन्याचा कर एकदम नाहीसा झाला आहे. बेरजेची चूक असती तर फरक असा साफ आला नसता.

कोणता महिना, हे भाग अ च्या खालच्या तक्त्यात दिसेल. तिथे कर सरकारजमा केल्याची प्रत्येक नोंद तारखेसह असते. महिन्याचा कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे मेपासून डिसेंबरपर्यंत आठ ओळी हव्यात. तुझ्याकडे सात असतील. जी ओळ नाही तिच्या आधीचा महिना शोध. तिसऱ्या तिमाहीत डिसेंबरचा पगार दिसणार नाही हे ध्यानात ठेव, कारण पगारावरचा कर पैसे देताना कापला जातो आणि तुला ते फेब्रुवारीत मिळाले. तो पगार चौथ्या तिमाहीत रजेच्या रकमेसोबत २,०४,००० असा दिसला तर ते बरोबरच आहे.

महिना सापडला की त्या महिन्याचा बँक उतारा काढ. पगार १,२०,००० मधून ९,८०० कर, ७,२०० भविष्य निर्वाह निधी आणि २०० व्यवसाय कर गेला असेल तर खात्यात १,०२,८०० जमा झालेले दिसतील. ही जमा हाच तुझा भक्कम पुरावा, कारण पगारपत्रक कंपनी स्वतः छापते, बँकेचा उतारा नाही. कर कापला पण भरला नाही, असे निघाले तरी आयकर कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे तो कर तुझ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. प्रत्यक्षात मात्र विवरणपत्राची छाननी तुझ्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या २६एएस या विवरणातील नोंदींवरून यंत्राने होते आणि तिथे ९,८०० नसतील तर मागणीची नोटीस येते. म्हणून कायद्यावर विसंबून न राहता कंपनीकडून दुरुस्त विवरण भरून घे. या विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली आहे, तेवढा वेळ पुरेल.

आणखी एक गोष्ट तू विचारलेली नाहीस. भाग ब मध्ये रजेच्या ८४,००० समोर कलम १०(१०एए) खालील सूट दिली आहे का, ते पाहा. तिथे शून्य असेल तर तुझा करपात्र पगार तेवढ्याने फुगला आहे.

हेमंतराव, तुमचे अर्धे म्हणणे मान्य. व्याज मिळेल तेव्हा दाखवण्याची पद्धत कायद्याला मान्य आहे, पण ती दरवर्षी आणि सर्व ठेवींना सारखीच लावावी लागते. शिवाय व्याज पुढे आणि कर मात्र यंदा, असे चालत नाही. नियम ३७बीए प्रमाणे कापलेल्या कराचे श्रेय ज्या वर्षी ते उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी मिळते. तुम्ही ते यंदा मागत असाल तर एखाद्या वर्षी प्रश्न येईल.

मुग्धा, तुझी बँक चुकलेली नाही. चक्रवाढ ठेवीचे व्याज खात्यात येत नाही, ते दर तिमाहीला ठेवीतच मिसळते आणि बँक त्यावर त्या त्या वेळी कर कापते. ठेव किती रकमेची आणि कोणत्या दराची आहे ते कळव, म्हणजे ७१,८५९ हा आकडाही तपासता येईल.

प्रेषक : मुग्धा

शरदकाका, मनापासून आभार. खालच्या तक्त्यात खरोखरच सात ओळी आहेत. डिसेंबरमधील भरणा नाही, म्हणजे नोव्हेंबरचा महिना गेला. उताऱ्यात त्या महिन्याचे १,०२,८०० जमा आहेत. कंपनीच्या लेखा विभागाला दोन्ही कागद पाठवले. त्यांचे उत्तर असे की, नोव्हेंबरच्या नोंदीत माझ्या पॅनमधील एक अक्षर चुकले होते आणि ते दुरुस्त विवरण भरत आहेत.

रजेसमोर शून्यच आहे. माझा मूळ पगार ६०,००० होता आणि रजा ४२ दिवसांची शिल्लक होती.

ठेव वर्षारंभी बरोबर १०,००,००० ची होती, दर सात टक्के, तिमाही चक्रवाढ. याशिवाय बँकेच्या व्याज प्रमाणपत्रात बचत खात्याचे ३,२४० रुपये व्याज आहे, जे फॉर्म १६ए मध्ये नाही.

अंतिम हिशेबातली आणखी एक शंका आहे. नोटिशीचे दिवस पूर्ण न केल्याबद्दल कंपनीने ६०,००० रुपये कापून घेतले, म्हणून खात्यात १,३६,६०० च आले. हे ६०,००० पगारातून वजा करता येतात का?

प्रेषक : शरद

चि. मुग्धा,

ठेवीचे गणित जुळते. पहिल्या तिमाहीचे व्याज १७,५००, मग १७,८०६, १८,११८ आणि १८,४३५, बेरीज ७१,८५९. बचत खात्यातून गेलेला कर याच्या दहा टक्के, म्हणजे साधारण ७,१८७ हवा. एखाद्या तिमाहीची वजावट उताऱ्यात आहे पण २६एएस मध्ये नाही असे आढळले, तरच बँकेकडे जा.

बचत खात्याच्या व्याजावर बँक कर कापत नाही, म्हणून ते फॉर्म १६ए मध्ये नसते. वार्षिक माहिती विवरणात मात्र असते. ते ३,२४० इतर उत्पन्नात दाखव आणि कलम ८०टीटीए खाली तेवढेच वजा कर. जुन्या प्रणालीत ही वजावट १०,००० पर्यंत मिळते.

रजेचे ८४,००० हे मूळ पगाराच्या हिशेबाने ४२ दिवसांचेच होतात. दहा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराची मर्यादा तुझ्या बाबतीत ६,००,००० येते आणि खाजगी नोकरदारांची एकूण मर्यादा २५ लाखांची आहे, तेव्हा यापूर्वी ही सूट घेतलेली नसेल तर पूर्ण रक्कम करमुक्त धरता येते. कंपनीने दिली नाही तरी विवरणपत्रात तू ती मागू शकतेस. फॉर्म १६ शी फरक दिसल्याने विचारणा होऊ शकते, म्हणून अंतिम हिशेबाचा कागद जपून ठेव.

नोटिशीच्या वसुलीवर मी छातीठोकपणे सांगणार नाही. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये, प्रत्यक्ष हाती आलेल्या पगारावरच कर घ्यावा असा निर्णय कर्मचाऱ्याच्या बाजूने दिला आहे. पगारातून करायच्या वजावटींच्या कलमात मात्र याचा उल्लेख नाही. माझ्या मते इतक्या रकमेसाठी वाद अंगावर घेऊ नये.

प्रेषक : हेमंत

इथे मी शरदकाकांशी सहमत नाही. जे ६०,००० तिला कधी मिळालेच नाहीत त्यावर तिने कर का भरावा? न्यायाधिकरणाचा निर्णय हाताशी असताना मी तरी ते वजा केले असते.

माझ्या ठेवीपुरते मात्र काकांचे म्हणणे पटले. मागील दोन वर्षांची विवरणपत्रे काढून पाहतो आहे. कर त्याच वर्षी मागितला आणि व्याज दाखवले नाही, असे झाले असेल तर त्यांतील एखादे आता सुधारून भरता येईल का?

प्रेषक : मुग्धा

नोव्हेंबरची नोंद आज २६एएस मध्ये आली; तिसऱ्या तिमाहीचा कर १९,६०० आणि वर्षाचा ७८,४०० दिसतो. नवा फॉर्म १६ कंपनीकडून मागवला आहे. तो आल्यावर भाग अ ची रक्कम ११,६४,००० झाली आहे ना, हे पाहूनच विवरणपत्र भरेन. साठ हजारांचे अजून ठरलेले नाही.